दूध, दही, ताक, पनीर आणि आईची साखर : घरातील मोजणीच्या नोंदी

२ फेब्रुवारी २०२५

आईला टाइप २ मधुमेह होऊन नऊ वर्षे झाली आहेत. तिला फक्त मेटफॉर्मिन चालू आहे आणि मागच्या महिन्यात एचबीए१सी, म्हणजे मागील दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी तपासणी, ७.४ आली. डॉक्टरांनी जेवणाची वही आणायला सांगितली, तेव्हा घरातील एक जुना गोंधळ कागदावर उतरला. पनीर ‘जड’ म्हणून बंद होते, दही रात्री नको म्हणून दुपारपुरतेच होते आणि दूध मात्र ‘हलके’ घेतले तर चालते या समजुतीवर डबल टोन्ड पिशवीचे दोन पेले रोज जात होते. म्हशीचे दूध घरातील इतरांसाठी गवळ्याच्या रतिबाचे येत असे.

मी बावीस वर्षे एका दूध संकलन केंद्राच्या प्रयोगशाळेत फॅट आणि एसएनएफ मोजण्याचे काम केले आहे, त्यामुळे ही वाटणी पाहून मला अस्वस्थ वाटले. दुधातील साखर, म्हणजे लॅक्टोज, स्निग्धांशात नसते. ती एसएनएफमध्ये, म्हणजे दुधातील पाणी आणि फॅट सोडून उरलेल्या घटकांत असते. फॅट काढल्याने दूध पातळ लागते, पण त्याची साखर कमी होत नाही. हे आईला नुसते सांगण्याऐवजी तिच्याच बोटावर मोजून पाहायचे ठरवले. तिने लगेच होकार दिला, फक्त एका दिवसाआड टोचणार नाही, मध्ये दोन दिवस तरी सोड, अशी अट घातली.

५ फेब्रुवारी

डॉक्टरांना विचारून पद्धत ठरवली. सकाळी साडेसात वाजता उपाशीपोटी पहिली मोजणी, त्यानंतर ठरलेला पदार्थ दहा मिनिटांत संपवायचा, मग ३०, ६० आणि १२० मिनिटांनी पुन्हा मोजायचे. न्याहारी आणि मेटफॉर्मिनची गोळी शेवटच्या मोजणीनंतर. डॉक्टरांनी स्पष्ट बजावले की गोळी पुढे ढकलण्याची ही सवलत आईपुरती आहे. जे ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेतात त्यांनी असा प्रयोग स्वतःच्या मनाने करू नये, कारण त्या औषधांवर असताना जेवण लांबले तर साखर धोकादायक रीतीने उतरू शकते.

मापे अशी धरली : दूध २०० मिली, दही २०० ग्रॅम, ताक २०० मिली (५० ग्रॅम दही आणि १५० मिली पाणी), पनीर ६० ग्रॅम. पदार्थ रक्तातील साखर किती चढवतो त्याचे माप, म्हणजे ग्लायसेमिक इंडेक्स, प्रयोगशाळेत काढताना सर्व पदार्थांतून सारखीच, बहुधा ५० ग्रॅम, कर्बोदके देतात. तसे करायचे तर आईला एका बैठकीत सुमारे एक लिटर दूध प्यावे लागेल. मला इंडेक्स नको आहे. घरात जेवढे वाढले जाते तेवढ्याने काय होते ते हवे आहे.

८ फेब्रुवारी

आज काहीही खायला न देता फक्त पेलाभर पाण्यावर मोजले, कारण पायाखालची जमीन आधी तपासायला हवी होती. आकडे असे आले (सर्व मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) : १२७, १३०, १३३, १२९. म्हणजे पहाटेनंतर यकृत स्वतःहून साखर सोडते त्यामुळे काही न खाताही आईची साखर पाच-सहा अंकांनी हलते. शिवाय घरगुती ग्लुकोमीटरसाठीच्या आंतरराष्ट्रीय निकषात १०० च्या वरच्या आकड्यांना १५ टक्क्यांपर्यंतचा फरक मान्य आहे. या दोन्ही गोष्टी ध्यानात घेऊन मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले की दहापेक्षा कमी चढ म्हणजे चढ नाही, आणि प्रत्येक पदार्थ दोनदा मोजल्याशिवाय त्याच्याबद्दल काही म्हणायचे नाही.

११ फेब्रुवारी

म्हशीचे दूध, उकळून कोमट केलेले, साखर न घालता. पहिलाच आकडा २१२ आला आणि आई घाबरली. तिने सकाळी उठल्याबरोबर तिळाच्या लाडवांसाठी गूळ चिरला होता आणि हात फक्त पदराला पुसले होते. साबणाने हात धुऊन, कोरडे करून दुसऱ्या बोटातून मोजले तर १२८. बोटावरचा गुळाचा अदृश्य थर रक्ताच्या थेंबात मिसळला की मशीन त्यालाही रक्तातील साखरच समजते. उपाशीपोटी असा अचानक फुगलेला आकडा आला तर औषधाचा विचार करण्याआधी हात धुऊन पुन्हा मोजावे, ही नोंद मी ठळक करून ठेवतो.

त्यानंतरचे आकडे : ३० मिनिटांनी १४९, ६० मिनिटांनी १५६, दोन तासांनी १३४. चढ २८.

१७ फेब्रुवारी

दुधाची दुसरी फेरी १४ तारखेला झाली, तीत चढ २६ आला. दोन्ही वेळा आकडे जवळजवळ सारखे आल्याने मशीनवरचा विश्वास वाढला.

हिशेब करून पाहिला. १०० मिली म्हशीच्या दुधात सुमारे ५ ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे पेल्यात १० ग्रॅम. आतड्यात लॅक्टोज फुटून अर्धे ग्लुकोज आणि अर्धे गॅलॅक्टोज होते. ग्लुकोज सरळ रक्तात जाते, तर गॅलॅक्टोजला आधी यकृतात जावे लागते. त्यामुळे १० ग्रॅम साध्या ग्लुकोजने जेवढी साखर चढली असती तेवढी दुधाने चढत नाही, आणि दुधाचा ग्लायसेमिक इंडेक्स कमी दिसतो तो याचमुळे. एक गोष्ट मात्र मशीनला दिसत नाही : दुधातील प्रथिने, विशेषतः पनीर करताना पाण्यात जाऊ शकणारी विद्राव्य प्रथिने, स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. दूध प्यायल्यावर साखरेच्या मानाने इन्सुलिन बरेच जास्त वाढते. माझी वही फक्त साखरेची आहे, इन्सुलिनची नाही.

२० आणि २३ फेब्रुवारी

डबल टोन्ड पिशवीचे दूध, तेवढेच २०० मिली. एकदा १३० वरून ३० मिनिटांतच १६१, दुसऱ्यांदा १२६ वरून १५३. चढ ३१ आणि २७. म्हणजे ‘हलक्या’ दुधाने साखर कमी चढली नाही. उलट वरचा आकडा तासाऐवजी अर्ध्या तासातच आला. जठरात स्निग्धांश कमी असला की पदार्थ लवकर पुढे सरकतो, त्यामुळे हे समजण्यासारखे आहे.

पिशवीवरचे नियम पाहिले तरी हेच दिसते. टोन्ड दुधात किमान ३ टक्के फॅट आणि ८.५ टक्के एसएनएफ असावे लागते, तर डबल टोन्डमध्ये १.५ टक्के फॅट आणि ९ टक्के एसएनएफ. फॅट निम्मे झाले आणि एसएनएफ अर्ध्या टक्क्याने वाढले. उष्मांक आणि संतृप्त स्निग्धांश कमी करण्यासाठी डबल टोन्ड दूध योग्यच आहे, ज्यांचे कोलेस्टेरॉल वाढलेले आहे त्यांनी ते जरूर घ्यावे. परंतु साखरेसाठी घेत असाल तर पेल्याचे माप तेच ठेवून काही साधत नाही. आईने दोन दिवस या आकड्यांवर विचार केला आणि मग म्हणाली, “म्हणजे नऊ वर्षे मी बेचव दूध पीत आले ते कशासाठी?” मला उत्तर देता आले नाही. हे आधीच कोणीतरी तिला समजावून सांगायला हवे होते, आणि ते माहीत असलेला माणूस घरातच होता.

बाजारात मिळणाऱ्या लॅक्टोजमुक्त दुधाबद्दल शेजारच्या काकूंनी विचारले. त्यातील लॅक्टोज काढून टाकलेले नसते, विकराने आधीच फोडलेले असते. एकूण साखर तेवढीच राहते आणि ते गोड लागते. ज्यांना दूध पचत नाही त्यांच्यासाठी ते आहे, मधुमेहासाठी नाही.

१ मार्च

दह्याच्या दोन फेऱ्या पूर्ण झाल्या. रात्री साडेनऊला विरजण लावलेले, सकाळी कवडीदार लागलेले दही. चढ १५ आणि १७, तोही तासाभराने आणि संथपणे उतरणारा.

दही म्हणजे साखर नसलेले दूध, असे पुष्कळ लोक समजतात. ते खरे नाही. विरजणातील जिवाणू लॅक्टोज खाऊन लॅक्टिक आम्ल करतात, पण आम्ल वाढले की तेच जिवाणू थकतात आणि काम थांबते. घरच्या चांगल्या दह्याची आम्लता साधारण ०.८ ते १ टक्का असते, म्हणजे ५ टक्क्यांतील सुमारे एक टक्का लॅक्टोज खर्च झाले आणि चार टक्के शिल्लक राहिले. वाटीभर दह्यात अजून ८ ग्रॅम साखर आहे. तरीही चढ दुधापेक्षा बराच कमी आला, त्याचे श्रेय मी थोडे या खर्चाला आणि बाकीचे दह्याच्या घट्टपणाला व आम्लाला देतो, कारण दोन्हींमुळे जठर सावकाश रिकामे होते.

आईला अदमुरे दही आवडते, आणि अदमुऱ्यात आम्ल कमी म्हणजे साखर थोडी अधिक. फरक एका वाटीमागे ग्रॅम-दीड ग्रॅमचा असेल, तेवढ्यासाठी तिची आवड मोडण्यात अर्थ नाही. उलट दही ढाण आंबट झाले की त्यावर साखर घालून खाण्याची घरातील पद्धत जास्त नुकसानीची आहे : दोन चमचे साखर म्हणजे १० ग्रॅम, आणि ती दह्यातल्या सगळ्या लॅक्टोजपेक्षा जास्त भरते. विकतचे फळांच्या स्वादाचे दही घेताना डब्यावरील ‘अॅडेड शुगर’ची ओळ वाचावी.

७ मार्च

ताक : १२९ वरून १३३, आणि दुसऱ्या फेरीत १२७ वरून १३१. पनीर (घरी केलेले, मीठ न घातलेले) : १३० वरून १३३, आणि १२८ वरून १३४. हे चारही आकडे पाण्याच्या दिवसाच्या आकड्यांपासून वेगळे ओळखता येत नाहीत.

ताकाचे कारण साधे आहे. पेल्यात मुळात ५० ग्रॅमच दही असते, म्हणजे साखर दोन ग्रॅम. घट्ट मठ्ठा घेतला तर अर्थातच हा आकडा दह्याच्या दिशेने सरकेल. ताकाबाबत माझी खरी काळजी मिठाची आहे, कारण आईला रक्तदाबाचीही गोळी आहे. तिच्या ताकात आता मिठाऐवजी भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि आले घालतो.

पनीरमध्ये साखर का नाही याचे उत्तर पनीरमध्ये नसून त्याच्या पातेल्यात आहे, आणि ते मला पुढच्याच आठवड्यात वेगळ्या रीतीने दिसले.

१२ मार्च

घरी पनीर करायला लागल्यापासून आई गाळलेले हिरवट पाणी टाकत नसे. निम्म्यात कणीक मळायची आणि उरलेले पेलाभर स्वतः प्यायची, “प्रथिने असतात त्यात” म्हणून. मी ते तीन आठवडे पाहत होतो आणि माझ्या लक्षात आले नाही.

एक लिटर म्हशीच्या दुधात सुमारे ५० ग्रॅम लॅक्टोज असते. आम्ही दूध उकळून थोडे निवल्यावर लिंबाचा रस घालून फाडतो आणि फडक्यात बांधतो, तेव्हा दोनशे ग्रॅमच्या आसपास पनीर निघते. लॅक्टोज पाण्यात विरघळलेले असल्याने जिकडे पाणी तिकडे साखर : चाळीस ग्रॅमच्या वर त्या हिरवट पाण्यात जाते आणि पनीरच्या गोळ्यात अडकलेल्या पाण्यापुरतीच उरते. प्रथिनांचे मात्र उलट होते. दूध इतके तापवल्यावर विद्राव्य प्रथिनेही केसीन या दुधातील मुख्य प्रथिनाला चिकटून पनीरबरोबरच खाली बसतात. म्हणजे आई ज्या प्रथिनांसाठी ते पाणी पीत होती ती पनीरमध्येच राहिली होती आणि पेल्यात मुख्यत्वे दुग्धशर्करेचे पाणी होते.

आज तेच मोजले. २०० मिली पनीरचे पाणी : १२६, ३० मिनिटांनी १५२, ६० मिनिटांनी १४५, दोन तासांनी १२८. चढ २६, म्हणजे पेलाभर दुधाइतकाच, आणि अर्ध्या तासातच. आईला वाईट वाटले, पाणी टाकून देणे तिच्या जिवावर येते. तोडगा असा काढला की ते सगळे घरातील इतरांच्या कणकेत आणि आमटीत जाईल. चार-पाच जणांत वाटले गेले की प्रत्येकाच्या वाट्याला ते फारसे येत नाही.

१९ मार्च

पनीर करायला वेळ मिळाला नाही म्हणून बाजारातून सुटे पनीर आणले. ६० ग्रॅमवर १३१ वरून १४५, तीन दिवसांनी पुन्हा १२८ वरून १४१. चौदा आणि तेरा. एवढ्या चढावरून काही सिद्ध होत नाही हे मला ठाऊक होते, पण घरच्या पनीरवर असा चढ एकदाही आला नव्हता आणि हे पनीर तव्यावर परतताना कडांना चिकट झाले होते.

म्हणून आयोडीनची चाचणी केली. तीन वाट्या घेतल्या : एकीत घरच्या पनीरचा तुकडा, दुसरीत बाजारचा, तिसरीत भाताची पेज. पहिल्या दोन तुकड्यांना थोड्या पाण्यात उकळून पूर्ण गार होऊ दिले, कारण गरम पाण्यात रंग उमटत नाही. मग प्रत्येकीत औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या टिंक्चर आयोडीनचे तीन थेंब टाकले. पेज गडद निळी झाली, त्यावरून आयोडीन ठीक आहे हे कळले. घरचे पनीर पिवळसर तपकिरी राहिले. बाजारचे निळे-काळे झाले. त्यात पिठूळ पदार्थ, म्हणजे स्टार्च, होता.

मधुमेहाच्या माणसासाठी ही भेसळ विशेष वाईट आहे, कारण तो पनीर साखर नसलेला पदार्थ म्हणून निश्चिंतपणे खातो. वनस्पती तेलाचे नकली पनीर या चाचणीत सापडणार नाही, तेही खरे. आयोडीन फक्त स्टार्च दाखवते.

२५ मार्च

आतापर्यंतचे सगळे मोजमाप उपाशीपोटीचे होते, पण दही-ताक कोणी उपाशीपोटी खात नाही. म्हणून तीन दुपारी जेवण मोजले. पहिल्या दोन वेळा शिजवलेला भात समान, १५० ग्रॅम, धरला होता. दूधभात : तासाभराने चढ ७८. दहीभात : ६६. तिसऱ्या दिवशी भात निम्मा करून जागा १०० ग्रॅम पनीरच्या भुर्जीने भरली : चढ ३९.

दूध आणि दही यांतील बारा अंकांचा फरक एकेका मोजणीवर मी गृहीत धरणार नाही. तिसरा आकडा मात्र डोळ्यांत भरण्यासारखा आहे, आणि त्याचा अर्थ पनीरने साखर उतरवली असा घेऊ नये. भात निम्मा झाला म्हणून साखर कमी चढली. पनीरने पोट भरले म्हणून भात निम्मा करता आला. म्हशीच्या दुधाच्या १०० ग्रॅम पनीरमध्ये वीसहून अधिक ग्रॅम स्निग्धांश असू शकतो, म्हणून डॉक्टरांनी आठवड्यातून तीन वेळा, ६० ते ७० ग्रॅम, कमी तेलात, एवढीच परवानगी दिली. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांचे प्रथिनांचे माप वेगळे असते आणि ते डॉक्टरच ठरवतात.

त्याच भेटीत त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली जी मी दाराच्या आतल्या बाजूला चिकटवली आहे : कधी साखर ७० च्या खाली गेली, घाम आणि थरथर सुटली, तर पनीर, ताक किंवा दुधाच्या मागे लागायचे नाही. तिथे १५ ग्रॅम ग्लुकोज पावडर पाण्यातून द्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचे. दुधाचा जो संथपणा एरवी चांगला वाटतो तोच तिथे घात करतो.

३० मार्च, गुढीपाडवा

श्रीखंडाशिवाय पाडवा नको, हे आईचे म्हणणे मान्य. रात्रभर टांगलेल्या दह्यातून पाणी गळून गेलेले असते आणि पाण्याबरोबर लॅक्टोजही, त्यामुळे चक्का स्वतः पनीरच्या जवळचा पदार्थ आहे. बिघडते ते पुढे : चक्क्याच्या वजनाइतकी साखर घालण्याच्या आमच्या रीतीने वाटीतला निम्मा भाग साखरच असतो. यंदा आईपुरता चक्का आधी वेगळा काढला, त्यात केशर, वेलदोडा आणि फक्त एक चमचा साखर फेटली, आणि पुऱ्या दोन. दोन तासांनी १६८. गेल्या वर्षी याच दिवशी, वहीतील जुन्या पानावर, २४१ होते.

६ एप्रिल

दिवसाची नवी मांडणी ठरली. सकाळी एक पेला म्हशीचे दूध, साय काढून, साखर न घालता, आणि त्याबरोबरची न्याहारी तेवढ्यापुरती कमी; दुपारी वाटीभर दही किंवा दोन पेले ताक; रात्रीचा दुधाचा पेला बंद. चहातील दुधाचा हिशेबही लावला : तीन कपांत मिळून १५० मिली दूध, म्हणजे साडेसात ग्रॅम लॅक्टोज, आणि प्रत्येकी एक चमचा साखरेचे १५ ग्रॅम. चहात दूध कमी करण्याऐवजी साखर काढायची असे तिने स्वतःच सुचवले. पुढचा एचबीए१सी जूनमध्ये आहे.

११ एप्रिल

गवळ्याची म्हैस व्याली आणि त्याने सकाळी तांब्याभर चीक आणून दिला. चिकात प्रथिने खूप आणि लॅक्टोज नेहमीच्या दुधापेक्षा कमी असते, म्हणून तो नुसता वाफवला तरी घट्ट होतो. खरवसाची गोडी सगळी गुळाची. आईने कुकरमध्ये दोन डबे लावले, एक घरच्यांसाठी गूळ घालून आणि एक स्वतःसाठी, वेलदोडा, जायफळ आणि चिमूटभर गूळ. ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांच्या डब्यात चार पट्ट्या उरल्या होत्या. हात धुऊन तिने स्वतःच बोट पुढे केले.